प्रसूतीनंतरची तांबी आणि न दिसणारा धागा

सरकारी कुटुंब नियोजनात 1965 साली गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायचा प्लॅस्टिकचा लूप आला. रक्तस्रावाच्या तक्रारी आणि नंतर कुणी तपासायलाच नाही, यामुळे काही वर्षांतच त्याचं नाव खराब झालं. मग तांब्याच्या तारेची साधनं, म्हणजे तांबी, आली आणि 2002 पासून 10 वर्षं चालणारी ‘380 ए’ रूढ झाली. बसवण्याची वेळ मात्र जुनीच होती: पाळी सुरू असताना, नाहीतर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी.

ठाणे-नवी मुंबईतल्या प्रसूतिगृहांत आज जो वाद ऐकू येतो, तो 2010 नंतरच्या निर्णयाचा. वार पडल्यावर 10 मिनिटांत, किंवा निदान 48 तासांच्या आत तांबी बसवायची. कारण पटण्यासारखं आहे. दिव्याहून कळव्याला बाळंत झालेली बाई सहा आठवड्यांनी माहेरी असते. परत येईपर्यंत कधी कधी पुन्हा दिवस गेलेले असतात. पण संमती कधी घेतली? कळा सुरू असताना मिळालेला होकार हा होकार नव्हे. तो गरोदरपणाच्या तपासण्यांतच घ्यायला हवा, आणि घरी सोडताना कार्डावर नोंद हवीच. दोन्ही चुकल्याच्या तक्रारी आहेत.

या वेळेची किंमतही आहे. एरवी बसवलेली तांबी 100 पैकी साधारण 3 ते 5 जणींची निसटते. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली त्याहून बरीच जास्त जणींची. शिवाय तांबीला एक धागा असतो, तो एरवी योनीत बोटाला लागतो; पण गर्भाशय तेव्हा मोठं असल्याने तो आतच राहतो, सिझेरियनमध्ये तर हमखास. तो आठवड्यांनी खाली उतरतो, कधी उतरतच नाही.

समजा, ऐरोलीच्या बाईला तीन महिन्यांनी धागा लागत नाही. आधी लघवीची गर्भचाचणी. ती निगेटिव्ह आली की गर्भाशयमुखात बारीक ब्रश फिरवून पाहतात. पुष्कळदा धागा तिथेच गुंडाळलेला सापडतो. नाहीतर सोनोग्राफी. तांबी गर्भाशयात नीट बसलेली असेल तर धाग्याविना तशीच ठेवता येते. तिथे नसेल तर पोटाचा एक्स-रे, कारण तिच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम असतं. एक्स-रेमध्ये दिसली तर ती गर्भाशयाबाहेर गेली आहे आणि दुर्बिणीतून काढावी लागते. नाही दिसली तर नकळत पडून गेली. ठावठिकाणा लागेपर्यंत निरोध वापरायचा. ही एक्स-रेची पायरी गाळून ‘पडली असेल’ म्हणत नवी बसवणं धोक्याचं.

पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त अंगावर जाणं आणि पोटात कळा येणं तांबीत अपेक्षित असतं. हार्मोनवाल्या साधनाचं उलट: आधी अनियमित डाग, मग पाळी हलकी, काहींची बंदच. पण ते महाग असल्याने खासगी दवाखान्यांतच जास्त दिसतं, आणि पाळी थांबली की दिवस गेल्याच्या शंकेने बायका पुन्हा धागा शोधू लागतात.