ठिबकची लॅटरल नेमकी किती लांब? उतारावरच्या एका मर्यादेची पार्श्वभूमी

16 मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ओळीने ड्रीपर बसवलेली नळी, तिच्यावर 60 सेंटिमीटरला एक असा ताशी 4 लिटरचा ड्रीपर, आणि सपाट रान. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, साठ मीटरच्या पुढे जाऊ नका. उत्तर बरोबर असतं, पण साठच का, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे रान उताराचं असलं की हाच आकडा तसाच्या तसा वापरला जातो आणि तिथे तो फसतो.

या आकड्याचं मूळ ठिबकात नाही, तुषार सिंचनात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जे. ई. ख्रिश्चनसेन यांनी 1942 मध्ये तुषार सिंचनावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. नळीला वाटेत ठिकठिकाणी तोंडं असली की पुढे जाणारं पाणी कमी कमी होत जातं, म्हणून घर्षणाने होणारी दाबाची घटही वाटेत तोंडं नसलेल्या नळीच्या मानाने बरीच कमी असते. तोंडं भरपूर असतील तर ती एक तृतीयांशाच्या थोडी वर भरते. ही घट मोजायचा सोपा गुणक त्यांनी दिला. त्याच परंपरेत एका लाईनवर दाबाचा फरक 20 टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम रुळला. तुषारच्या तोटीतून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून दाबात 20 टक्के फरक पडला तरी पाण्यात तो साधारण 10 टक्केच पडतो.

ठिबकाने हा नियम उसना घेतला, पण सुरुवातीचे ड्रीपर त्यात बसणारे नव्हते. इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकची लांब, बारीक वाट गुंडाळून पाण्याचा जोर मोडायची युक्ती केली. 1965 मध्ये हात्झेरिम किबुत्झबरोबर तिचं उत्पादन सुरू झालं. अशा बारीक, लांब वाटेत पाणी संथ वाहतं आणि संथ प्रवाह दाबाला फार हळवा असतो. ड्रीपरचं समीकरण असं लिहितात:

q = k·h^x

इथे q म्हणजे पाणी, h म्हणजे दाब, k हा त्या ड्रीपरचा स्थिरांक आणि x हा घातांक. पूर्ण संथ प्रवाहात x जवळपास 1 असतो, म्हणजे दाब 20 टक्के घटला की पाणीही तेवढंच घटतं. त्या काळी मायक्रोट्यूब, म्हणजे ड्रीपरच्या जागी बारीक नळीचा तुकडा, वापरणारे यावर हाताने तोड काढत. दाब जास्त तिथे नळी लांब कापायची, शेंड्याकडे आखूड. पुढे नागमोडी वाटेचे ड्रीपर आले. पाणी वळणावळणाला आपटून खळबळतं आणि x 0.5 च्या आसपास येतो. तेव्हा कुठे 20 टक्क्यांचा नियम ठिबकाला खऱ्या अर्थाने लागू झाला.

आता वरचंच उदाहरण मोजून पाहू. नळीचा आतला व्यास 13.8 मिमी धरला. 60 मीटरवर 100 ड्रीपर, म्हणजे ताशी 400 लिटर. दाब पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजला तर घर्षणाची घट साधारण 1.4 मीटर येते, ड्रीपरच्या जोडांमुळे थोडी आणखी. लॅटरलच्या तोंडाशी एक किलो, म्हणजे 10 मीटर दाब असेल तर 20 टक्के म्हणजे 2 मीटर. हिशेब 60-65 मीटरला संपतो, हेच ते दुकानातलं उत्तर. लांबी दुप्पट केली तर घट दुप्पट होत नाही. नळी लांबते तसे ड्रीपरही वाढतात, म्हणून घट जवळजवळ सातपट होते. 120 मीटरला ती 9.7 मीटरवर जाते, म्हणजे शेंड्याला काही उरतच नाही.

उताराचा प्रश्न नीट मांडला गेला तो हवाईत. 1970 च्या दशकात तिथल्या ऊसमळ्यांनी ज्वालामुखीच्या उतारांवर ठिबक आणलं, आणि हवाई विद्यापीठातल्या आय-पाय वू आणि हॅरिस गिटलिन यांनी दाबाची रेषा लांबीवर कशी उतरते ते मांडलं. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकूण घटीपैकी सुमारे 85 टक्के घट पहिल्या निम्म्या लांबीतच होऊन जाते, कारण सगळं पाणी तिथूनच जातं. जमिनीचा उतार मात्र सरळ रेषेत चढतो-उतरतो. म्हणून आपल्या 60 मीटरच्या लॅटरलला 2 टक्के उतार खालच्या दिशेला दिला, तर शेंड्याला दाब 9.8 मीटर असतो आणि सर्वांत कमी, साधारण 9.4 मीटर, मध्यावर. बागेत मधलीच झाडं पिवळी पडलेली दिसली तर लगेच खताला दोष देऊ नये. तोच 2 टक्के चढ असेल तर लॅटरल 52 मीटरला थांबवावी लागते, उताराच्या बाजूला ती 80 पर्यंत नेता येते. पण 8 टक्के उतारावर 60 मीटरच्या शेंड्याला 13 मीटरच्या वर दाब येतो आणि तिथला ड्रीपर 15-16 टक्के जास्त सोडतो.

त्यामुळे जुना उपाय ठरलेला होता. लॅटरलना पाणी देणारा मोठा नळ, म्हणजे सबमेन, उतारावर सोडायचा, लॅटरल समपातळीवर आडव्या टाकायच्या. कोकणात 1990 च्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेने आंबा-काजू वरकस उतारावर चढवला. तिथे दगड चुकवत समपातळी धरणं सोपं नसतं.

दाब सांभाळणारा, म्हणजे पी.सी. ड्रीपर इथे उपयोगी पडतो. त्याच्या आत लवचिक पडदा असतो. दाब वाढला की पडदा वाटेवर दबतो, वाट अरुंद होते आणि पाणी तेवढंच राहतं. x जवळजवळ शून्य. पण हे एका पट्ट्यातच घडतं. अनेक मॉडेलना साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतोच, आणि वरची मर्यादा बहुधा तीन-चार किलो असते. म्हणजे लॅटरलची मर्यादा संपत नाही, तिचं मोजमाप बदलतं. आता फरक किती हे बघायचं नाही, शेवटच्या ड्रीपरला किमान दाब उरतो का हे बघायचं. वरचीच 120 मीटरची लॅटरल सपाटीवर चालवायची आणि किमान एक किलो शेंड्याला ठेवायचा, तर तोंडाशी दोन किलो हवा. 2 टक्के चढावर आणखी अडीच मीटर. ‘पी.सी. आहे, कितीही ओढा’ हे विक्रेत्याचं वाक्य विजेचं बिल दुसऱ्याने भरायचं असेल तेव्हाच खरं.

ड्रीपर खरोखर दाब सांभाळतो का, हे पाहायला फक्त मापाचं भांडं लागतं. 4 लिटरच्या ड्रीपरखाली ते तीन मिनिटं धरलं की 200 मिली पाणी यायला हवं. मग व्हॉल्व्हने दाब एक किलोवरून दोनवर न्यायचा. साधा ड्रीपर 280 मिलीच्या आसपास जातो, चांगला पी.सी. 200 लाच राहतो. जुन्या बागेत एखादाच ड्रीपर वाढलेला सापडला तर पडद्याखाली रेती अडकली असावी किंवा पडदा कडक झाला असावा. ओळीतले सगळेच कमी भरले तर दोष दाबात किंवा फिल्टरमध्ये आहे, ड्रीपर बदलून काही होणार नाही.

एक गोष्ट मात्र साधा पी.सी. ड्रीपरही सोडवत नाही. मोटार बंद झाली की उतारावरच्या लॅटरलमधलं पाणी खालच्या ड्रीपरमधून निथळतं. 13.8 मिमीच्या नळीत मीटरला 150 मिली पाणी मावतं, म्हणजे 60 मीटरला नऊ लिटर, दर पाळीला. नळी रिकामी होताना वरच्या ड्रीपरमधून हवा आत ओढली जाते, आणि ड्रीपर ओल्या मातीला टेकला असेल तर हवेबरोबर गाळही. म्हणून पाळ्या वारंवार आणि थोड्या वेळाच्या असतील तिथे, दाब ठरावीक पातळीखाली गेला की तोंड आपोआप बंद करणारे ड्रीपर घेतात, आणि सबमेनच्या उंच टोकाला हवेचा व्हॉल्व्ह बसवतात.