जुन्या गाड्यांच्या बाजारातून चांगल्या गाड्या का गायब होतात : एका सिद्धांताची पार्श्वभूमी

1966 साली जॉर्ज अकेरलॉफ हे तरुण अर्थशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात नुकतेच शिकवू लागले होते. अमेरिकेत नव्या मोटारींची विक्री वर्षागणिक एवढी वरखाली का होते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पण त्याचा माग काढताना ते वापरलेल्या गाड्यांच्या बाजारापाशी येऊन थांबले. शोरूममधून काल बाहेर पडलेली गाडी आज विकायला काढली तरी तिची किंमत बरीच उतरलेली असते, आणि एका दिवसाची झीज हे त्याचे कारण असू शकत नाही. अकेरलॉफ यांनी दिलेले उत्तर असे, की गाडी चालवून पाहिलेल्या मालकाला तिचे गुणदोष ठाऊक होतात, ग्राहकाला मात्र ते बाहेरून दिसत नाहीत, आणि त्यामुळे ‘इतकी नवी गाडी हा विकतो तरी का?’ ही शंका किमतीतूनच वजा होते. अशा खोडीच्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत ‘लेमन’ म्हणतात. 1970 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात हाच शब्द आला.

त्या निबंधातील गणित थोडे सोपे करून मांडतो. समजा, बाजारातील गाड्या त्यांच्या मालकांच्या लेखी शून्यापासून 2000 डॉलरपर्यंत सारख्या प्रमाणात विखुरलेल्या किमतीच्या आहेत आणि प्रत्येक गाडी ग्राहकाला मालकापेक्षा दीडपट मोलाची वाटते. म्हणजे प्रत्येक गाडी विकली गेली तर दोन्ही बाजूंचा फायदाच आहे. आता भाव 1000 डॉलर ठरला, तर ज्यांची गाडी त्याहून मोलाची आहे ते मालक ती घरीच ठेवतील. विक्रीला येणाऱ्या गाड्यांची सरासरी मग 500 डॉलरवर येते आणि ग्राहकाच्या दृष्टीने तिचे मोल 750 होते. साहजिकच तो 1000 देणार नाही. भाव 750 वर आणला, की उरलेल्यांतल्या चांगल्या गाड्या निघून जातात, सरासरी 375 होते आणि ग्राहक साडेपाचशेच्या आसपासच थांबतो. भाव कितीही उतरवला तरी हे चक्र थांबत नाही; शेवटी एकही व्यवहार होत नाही. यात कोणी खोटे बोललेले नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चांगल्या गाडीच्या प्रामाणिक मालकालाही सरासरीचाच भाव मिळतो, म्हणून तो बाजूला होतो.

हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला. दोघांना तो क्षुल्लक वाटला. तिसऱ्याचा आक्षेप असा होता, की हे खरे असेल तर अर्थशास्त्रच वेगळे असायला हवे. त्याच सुमारास, 1967-68 मध्ये, अकेरलॉफ दिल्लीला भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभर होते, आणि निबंधात भारतातील उदाहरणेही आहेत. त्यांतले एक आपल्याला फार ओळखीचे आहे : बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारख्याच रंगाचे आणि आकाराचे खडे निवडत बसलेली गृहिणी. वाण्याला ठाऊक असलेली गोष्ट शोधून काढण्याची मजुरी ती रोज स्वतः भरत असते.

विक्रेता आणि ग्राहक यांच्या माहितीतील या दरीकडे अमेरिकेतील कायदा हळूहळू वळला. 1972 मध्ये गाडी किती चालली हे दाखवणारा ओडोमीटर मागे फिरवणे संघराज्याच्या कायद्याने बेकायदा ठरले. मूळ दुखण्यावर बोट ठेवणारा प्रयत्न मात्र पुढचा होता : विक्रेत्याने त्याला माहीत असलेले दोष ग्राहकाला लेखी सांगावेत, अशी तरतूद संघीय व्यापार आयोगाने नियमात केली. 1982 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा नियम नामंजूर केला. न्यायालयाने पुढे हा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरवला. तरी 1984 च्या अंतिम नियमात ती तरतूद उरली नव्हती. आजही तेथील विक्रेत्याकडच्या गाडीच्या काचेवर एक छापील पत्रक असते. गाडीला हमी आहे की ती ‘जशी आहे तशी’, म्हणजे हमीशिवाय, विकली जात आहे, हे त्यावर कळते. त्यात दोषांची यादीही असते, पण ती कोणत्याही जुन्या गाडीत निघू शकणाऱ्या दोषांची, समोरच्या गाडीतल्या दोषांची नव्हे. शिवाय हा नियम व्यापाऱ्यांना लागू आहे, स्वतःची गाडी थेट विकणाऱ्या मालकाला नाही.

तरीही प्रत्यक्षात बाजार मोडून पडलेला नाही. 1982 मध्येच अर्थशास्त्रज्ञ एरिक बाँड यांनी पिकअप ट्रकांची आकडेवारी तपासली, तेव्हा वापरलेले म्हणून घेतलेल्या ट्रकांना, तेवढ्याच वयाच्या आणि तेवढ्याच चाललेल्या पण पहिल्याच मालकाकडे राहिलेल्या ट्रकांपेक्षा जास्त मोठ्या दुरुस्त्या लागल्याचे दिसले नाही. अकेरलॉफ यांनी हमी, नाममुद्रा आणि परवाने यांना या दरीवरचे उतारे म्हणून आधीच नोंदवले होते. दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून देण्याची हमी लिहून देणे चांगल्या गाडीच्या विक्रेत्याला स्वस्त पडते आणि ‘लेमन’ विकणाऱ्याला महाग. त्यामुळे ती हमी कोण देतो आणि कोण टाळतो, यावरूनच ग्राहकाला न दिसणारी गाडी थोडीफार दिसू लागते.