कॉस्टोकॉन्ड्रायटिस

बरगडी छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला, जिथे मिळते तिथल्या कूर्चेच्या सांध्यांतून उठणारे दुखणे. छातीच्या मध्याजवळ, बहुधा डाव्या बाजूला, सुई टोचावी तशी कळ येते. खोल श्वास घेतला, खोकला-शिंक आली, कूस बदलली किंवा त्या जागी बोटाने दाबले की ती वाढते. हे दुखणे हृदयाचे नसते आणि बहुतेकांत काही आठवड्यांत बरे होते. मात्र ते हृदयाचे नाही हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना चूक होऊ शकते.

कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग. कानाचा वरचा भाग वाकवला की जो जाणवतो तो. बरगड्यांच्या 12 जोड्यांपैकी वरच्या 7 जोड्या अशा कूर्चेच्या पट्टीने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. श्वास आत घेताना बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात आणि ही पट्टी किंचित पिळवटते. दुखणे सहसा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांत असते आणि बहुधा एकाहून अधिक सांधे दुखतात. हात मोडला तर प्लास्टर घालता येते; या सांध्यांना मात्र श्वास चालू असेतो विश्रांती नाही. बरे व्हायला वेळ लागतो तो बराचसा यामुळेच.

दुसरी बरगडी स्वतःच सापडते. गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवून हाडावरून सरळ खाली सरकत यावे. साधारण 5 सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी येते ती दुसरी. तिथून एकेक बरगडी मोजत खाली उतरता येते. डॉक्टर तपासतात ते असेच : बोटाच्या टोकाने एकेक सांधा दाबून, दोन्ही बाजूंची तुलना करत.

एक नमुन्याचे उदाहरण पाहू. 44 वर्षांच्या बाईंनी दिवाळीआधी माळ्यावरची पितळी भांडी उतरवली, घासली आणि परत चढवली. दोन दिवसांनी सकाळी उठताना छातीत डावीकडे कळ आली. श्वास अर्ध्यावर अडतो, डाव्या कुशीवर झोपवत नाही. जिना मात्र नेहमीसारखा चढता येतो, घाम नाही, मळमळ नाही. कुठे दुखते असे विचारल्यावर त्या एका बोटाने नेमकी जागा दाखवतात. तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीचे सांधे दाबताच दचकून म्हणतात, “हीच ती कळ, डॉक्टर!” सूज किंवा लाली नाही, फुप्फुसांचा आवाज स्वच्छ, ईसीजी नेहमीसारखा. दुखणे दोन दिवस सतत आहे आणि रक्तातील ट्रोपोनिन वाढलेले नाही, म्हणजे हा हार्ट अटॅक नव्हे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असती तर ते काही तासांतच वाढले असते. कॉस्टोकॉन्ड्रायटिससाठी वेगळी रक्ततपासणी नाही आणि एक्स-रेतही तो दिसत नाही. निदान होते ते हकिकत आणि बोट यांवरच.

हृदयाचे दुखणे सांगण्याची तऱ्हा वेगळी असते. हृदयाच्या संवेदना ज्या मज्जातंतूंतून जातात, त्यांच्या वाटा छाती, खांदा आणि हाताच्या संवेदनांशी मज्जारज्जूत मिसळतात, म्हणून मेंदूला नेमकी जागा लावता येत नाही. रुग्ण बोट ठेवत नाही. तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. “दुखतं” असेही पुष्कळदा म्हणत नाही. दडपण आलंय, ओझं ठेवल्यासारखं वाटतंय, छाती आवळतेय, असे म्हणतो. ते जबड्यात, पाठीत, एका किंवा दोन्ही हातांत उतरते, चालताना किंवा चढावर वाढते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. श्वास घेतल्याने किंवा कूस बदलल्याने त्यात सहसा फरक पडत नाही.

आता दुसरे उदाहरण. 58 वर्षांचे गृहस्थ, दहा वर्षांचा मधुमेह. आठवड्यापूर्वी धान्याचे पोते उचलले होते. उरोस्थीजवळ दाबल्यावर त्यांनाही दुखते, आणि घरच्यांनी “स्नायू धरलाय” असे ठरवून मलम चोळले आहे. त्यांना फक्त दाबल्यावर दुखते का एवढेच विचारले तर त्यांचीही गणना कॉस्टोकॉन्ड्रायटिसमध्ये होईल. विचारायला हवे ते असे : ज्यासाठी तुम्ही आलात ते दुखणे हेच का? यावर ते थांबून म्हणतात, “इथं दुखतं खरं, पण बस स्टॉपपर्यंत चालताना जे होतं ते हे नाही.” त्यांची दोन दुखणी आहेत आणि काळजीचे आहे ते दुसरे. दाबल्यावर नुसते दुखणे पुष्कळांच्या छातीत सापडते. पुरावा म्हणून त्याला किंमत येते ती दाबल्यावर नेमकी तीच कळ उठली तरच, आणि तेव्हाही तो पुरावा पुरेसा नसतो. छातीतले दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता जोखण्यासाठी जर्मनीतील मारबुर्ग येथे तयार झालेल्या गुणपद्धतीत हे नीट दिसते. पाच बाबींना प्रत्येकी एक गुण आहे, आणि दाबून दुखणे उठत नसणे ही त्यांतली फक्त एक. उरलेल्या चार म्हणजे वय (पुरुष 55, स्त्री 65 किंवा अधिक), रक्तवाहिन्यांचा आधीपासूनचा आजार, श्रमाने वाढणारे दुखणे, आणि हे हृदयाचेच असावे असे रुग्णाला स्वतःला वाटणे. ही शेवटची बाब मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार छातीत न दुखताही येतो. नुसता दम, थकवा, घाम किंवा पोटात कसेसेच होणे एवढेच असते आणि ते गॅसवर ढकलले जाते. दुसऱ्या बाजूला, श्वासागणिक वाढणारी कळ म्हणजे कॉस्टोकॉन्ड्रायटिसच असेही नाही. न्यूमोनिया, फुप्फुसाच्या आवरणाचा दाह, फुप्फुसातील रक्ताची गुठळी आणि हृदयाच्या आवरणाचा दाह यांतही ती तशीच येते. सोबत ताप, दम, खोकल्यातून रक्त किंवा एका पायाला सूज असेल, किंवा पुढे वाकून बसल्यावर बरे वाटत असेल, तर बरगडीवर थांबू नये. दडपण, घाम, दम, चक्कर किंवा हाता-जबड्यात उतरणारे दुखणे असेल तर घरी छाती दाबून पाहण्यात वेळ घालवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिला ईसीजी नेहमीसारखा आला तरी काही तास थांबून तो आणि ट्रोपोनिन पुन्हा पाहतात, त्यालाही नकार देऊ नये.

निदान पक्के झाल्यावर उपचार साधे आहेत : शेक, काही दिवस उचलणे-ढकलणे बंद, पॅरासिटामॉल किंवा दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅकची जेल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात, पण जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दुखते म्हणून उथळ श्वास घेत राहिल्यास छाती अधिकच आखडते; दुखणे सोसवेल इतपत खोल श्वास दिवसातून काही वेळा घ्यावेत. काहींत दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते किंवा खोकल्यानंतर परत येते.

सांध्यावर डोळ्यांना दिसणारी किंवा हाताला लागणारी सूज असेल तर तो वेगळा प्रकार समजतात. त्याला टीट्झे सिंड्रोम म्हणतात. अलेक्झांडर टीट्झे या जर्मन शल्यचिकित्सकाने 1921 साली त्याचे वर्णन केले. त्यात बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीचा एकच सांधा सुजतो आणि रुग्ण सहसा तरुण असतो. ही सूज वाढत राहिली, किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर तिथे लाली आणि ताप आला, तर जंतुसंसर्ग किंवा गाठ नाही ना हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.