पैसा गेला म्हणजे खर्च झाला?

"मार्चच्या आत माल भरून ठेवा, सगळा खर्च याच वर्षी पडते, नफा दिसतच नाही."

नाही भाऊ, तसं नसते. समजा कापसाच्या व्यापाऱ्यानं फेब्रुवारीत १०० क्विंटल कापूस ७,००० नं घेतला, रोख ७ लाख गेले, ३१ मार्चपर्यंत ४० क्विंटल ७,५०० नं विकला, ३ लाख आले. गल्ला पाहिला तर ४ लाखाचा तोटा, पण तोटा कुठं झाला, ६० क्विंटल तर गोदामात पडून हाय ना! विकलेल्या ४० क्विंटलची खरेदी २ लाख ८० हजार, तेवढाच या वर्षीचा खर्च, म्हणून नफा २० हजार. उरलेले ४ लाख २० हजार ताळेबंदात शिल्लक माल म्हणून बसतात, अन् माल विकल्यावर पुढच्या वर्षी खर्च होतात.

स्वतःच तपासा: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, हाच विकलेल्या मालाचा खर्च. म्हणून ३१ मार्चला गोदामात वजन करून घ्या, साठा चुकला की नफाही चुकला. भाव पडून ६,५०० झाला असेल तर मात्र साठा त्याच भावानं धरायचा, तो तोटा याच वर्षीचा. दुकानाचं लाइट बिल वेगळं, ते ज्या महिन्याचं त्याच महिन्यात.