दोन सरावांमधले साडेसात तास आणि क्रिएटिनचा चमचा

माझा भाचा गोव्यात फोंड्याजवळच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. वय 22, वजन 60 किलो. स्पर्धा जवळ आली की सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी चार ते सहा असा दोनदा सराव असतो. सकाळचा सराव आटोपला की तो बाटलीत पाणी घेऊन त्यात क्रिएटिनचा, म्हणजे खेळाडू ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, चमचा ढवळतो. "मामा, ह्यानं रिकव्हरी होते," असं त्याचं म्हणणं. तरीही संध्याकाळी पाऊण तास झाला की त्याचे पाय जड पडतात. पहिल्या काही धावा झकास, मग गाडी थांबते.

ह्या तक्रारीतच उत्तर आहे. स्नायूंकडे दोन वेगळे साठे असतात आणि भाचा भरलेल्या साठ्यावरच झाकण घट्ट लावत बसला होता.

पहिला साठा फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंत क्रिएटिनपासूनच बनणाऱ्या पदार्थाचा. चेंडूमागे एकदम सुसाट धावताना स्नायू एटीपी हे आपलं तयार इंधन खर्च करतात आणि ते जागच्या जागी भरून देण्याचं काम फॉस्फोक्रिएटिन करतं. जोरदार धाव काही सेकंदांची असते, त्यात हा साठा झपाट्यानं खाली येतो. पण तो परत भरतोही तितक्याच लगबगीनं. अर्धा-एक मिनिट थांबलं की बराचसा, आणि पाच-आठ मिनिटांत जवळजवळ सगळा. म्हणजे सकाळच्या सरावातून भाचा स्कूटरला किल्ली लावेपर्यंत त्याचं फॉस्फोक्रिएटिन पुन्हा जागेवर आलेलं असतं. संध्याकाळी चारला तिथं काहीच कमी नसतं.

मग क्रिएटिन खाऊन होतं काय? स्नायूंमधला एकूण साठा थोडा वाढतो, आणि दोन धावांमधल्या छोट्या विश्रांतीत तो भरायला मदत होते. वारंवार धावण्याच्या खेळात ह्याचा उपयोग होतो, हे पुष्कळ प्रयोगांतून दिसलं आहे. मात्र हा साठा एका चमच्यानं वाढत नाही. रोज 20 ग्रॅम, चार भागांत, असं पाच-सहा दिवस घ्या किंवा रोज 3 ग्रॅम असं चार आठवडे घ्या, दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. नंतर रोज 3 ते 5 ग्रॅमनं पातळी टिकते. घेणं बंद केलं तर ती उतरायलाही चार-सहा आठवडे लागतात. त्यामुळे आजचा चमचा साडेआठला घेतला काय आणि रात्री जेवताना घेतला काय, आजच्या चार वाजताच्या खेळाला फरक पडण्याचं कारण नाही. (आपण मासेखाऊ असल्यामुळे थोडं क्रिएटिन आपल्या पोटात जातंच. पण कच्च्या मासळीत किलोमागे ते साधारण 4-5 ग्रॅमच असतं, तेव्हा बांगड्यांवर भागवायचं तर घर विकावं लागेल.)

दुसरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा. तास-दीड तासाच्या दमदार खेळात तो खरोखर ओसरतो आणि पाय जड पडण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळलं, त्याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. बर्गस्ट्रोम आणि हुल्टमन ह्या दोन डॉक्टरांनी 1966 साली स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारलं. मग सुईनं दोन्ही मांड्यांतला स्नायूचा कण काढून तपासला. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलं होतं. पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ल्यावर त्याच पायात ते विश्रांती घेतलेल्या पायाच्या दुपटीपर्यंत चढलं. रिकामा झालेला स्नायूच साखर ओढून घेतो, हे तेव्हा कळलं.

पण तो ओढतो सावकाश. उत्तम खाल्लं तरी तासाला 5 ते 7 टक्के, म्हणून पूर्ण भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. भाच्याच्या साडेसात तासांत फार तर 40-50 टक्के भर पडणार. तीही पहिल्या चार तासांत दर तासाला किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदकं मिळाली तर. त्याच्या 60 किलोंचा हिशेब तासाला 60-70 ग्रॅम, चार तासांत साधारण 250 ग्रॅम.

तो खात काय होता? साडेआठला क्रिएटिन आणि अंड्यांचा पांढरा भाग. अकराला दोन पाव, भाजी. दीडला शितकडी, तीही पोट तुडुंब होईपर्यंत. बेरीज जेमतेम दीडशे ग्रॅम, आणि पहिले अडीच तास जवळजवळ कोरडे. अमेरिकेत 1988 साली आयव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्यायामानंतर लगेच खाण्याऐवजी दोन तास थांबलं, तर त्या खाण्यातून ग्लायकोजेन बनण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. मात्र नंतरच्या एका प्रयोगात असंही दिसलं की एकूण खाणं सारखंच असेल, तर आठ तासांनंतर हा फरक उरत नाही. माझ्या मते भाच्याचं खरं नुकसान उशिरानं झालं नव्हतं. उशीर केल्यामुळे त्याला पुरेसं खायला वेळच उरत नव्हता.

आम्ही मांडणी बदलली. मैदानावरच दोन मोठी केळी आणि साखर घातलेलं कोकम सरबत, मिळून 65 ग्रॅमच्या आसपास. साडेनऊला तीन पाव आणि पातळ भाजी, सुमारे 70. अकराला पेज. गोव्यात ही वेळ पेजेची आहेच, पण आपली पेज म्हणजे बरंचसं पाणी, म्हणून मूठभर नाही तर 75-80 ग्रॅम तांदूळ मोजून घेतले. त्यातून 60 ग्रॅम. सोबत तोर, मिठात मुरलेली कैरी, त्यामुळे घामातून गेलेलं मीठही आलं. साडेबाराला तेवढ्याच तांदळाचा भात आणि मासळी. नारळाची कडी बेतानं, कारण चरबीनं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

आता राहिला तो प्रश्न ज्यावर जाहिराती उड्या मारतात. क्रिएटिननं ग्लायकोजेन जास्त भरतं का? 2016 साली नॉटिंगहॅम विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 14 पुरुषांना सायकलवर दमवलं आणि मग सहा दिवस भरपूर कर्बोदकं दिली. काहींना सोबत रोज 20 ग्रॅम क्रिएटिन होतं. त्यांच्यात ग्लायकोजेन जास्त चढलं आणि बहुतेक फरक पहिल्या 24 तासांतच पडला. ऐकायला छान, पण स्नायूचा कण काढला होता व्यायामानंतर लगेच, मग एका दिवसानं, तीन दिवसांनी आणि सहा दिवसांनी. चौथ्या किंवा आठव्या तासाला काय होतं, हे त्यात कुणी पाहिलेलंच नाही. आणि माणसं होती थोडी, व्यायाम सायकलचा, मात्रा नेहमीच्या किमान चौपट. त्यावरून "सकाळी घ्या, संध्याकाळी ताजेतवाने" असं म्हणणं म्हणजे उद्याच्या पावसावर आजची विहीर भरणं. क्रिएटिननं ग्लायकोजेन जास्त का चढत असावं ह्याबद्दल कल्पना आहेत. क्रिएटिनमुळे पेशीत पाणी शिरून ती फुगते, त्याचा काही संबंध असावा, ही त्यातली एक. सिद्ध झालेली नाही.

अंगदुखीचंही तसंच. काही प्रयोगांत स्नायूंची झीज दाखवणारे रक्तातले घटक क्रिएटिननं कमी झाले, काहींत काहीच झालं नाही, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या सरावाबद्दल त्यातून काही ठरवता येत नाही.

दोन गोष्टी मात्र व्यवहारात लक्षात ठेवाव्या लागतात. एका वेळी 10 ग्रॅम घेतलं तर काहींचं पोट सुटतं, आणि मेच्या उकाड्यात दोन सरावांमध्ये ते नको. दुसरं, पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढू शकतं, ते मुख्यतः पाणी असतं. त्या दिवसांत वजनकाट्यावरून घामाची भरपाई झाली की नाही हे ठरवायला गेलं तर फसगत होते. (मूत्रपिंडाचं काम पाहायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिनही थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरांना आधी सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये.)

भाचा चमचा अजून घेतो, फक्त आता रात्रीच्या जेवणाबरोबर. संध्याकाळच्या सरावाला त्याच्या दहा धावा मी घड्याळ लावून मोजल्या, पाच सुरुवातीला, पाच तासाभरानं. आधी शेवटच्या पाच चांगल्याच रेंगाळायच्या. मांडणी बदलल्यावर तो फरक कमी झालेला दिसला. एका माणसाच्या आठवडाभराच्या ह्या नोंदी, पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य. पण ह्या आठवड्यात अकराची पेज चुकली, त्या दिवशी त्याला घड्याळ पाहायची गरज पडली नाही.