८५.६ भागिले वेग: सर्व्हिसचं गणित आणि त्यात न धरलेली हवा

मार्च २०१६ मध्ये मेलबर्नच्या कूयाँगमध्ये, डेव्हिस कपच्या टेनिस सामन्यात जॉन इस्नरने बर्नार्ड टॉमिकविरुद्ध ताशी २५३ किलोमीटर वेगाची सर्व्हिस केली. कोर्ट हिरवळीचं होतं. असा आकडा फलकावर झळकला की पहिला प्रश्न हाच येतो, समोरच्याला वेळ किती मिळाला?

कोर्टाची लांबी ७८ फूट, म्हणजे २३.७७ मीटर. १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनपासून ती तशीच आहे. त्या वेळी चेंडू डोक्यावरून मारण्याची पद्धत रुळलेली नव्हती, त्यामुळे ही लांबी ठरवताना असल्या वेगाचा विचार कोण कशाला करेल?

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की सेकंदाला मीटर मिळतात. थोडक्यात, २३.७७ गुणिले ३.६, म्हणजे ८५.६ ला ताशी किलोमीटरमधल्या वेगाने भागायचं. २५३ ने भागलं तर ०.३४ सेकंद येतात. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि इथेच चुकतात.

कारण रडार वेग मोजतं तो चेंडू रॅकेटवरून सुटतानाचा. नंतर जेमतेम ५८ ग्रॅमच्या त्या केसाळ चेंडूला हवा सतत मागे ओढत राहते. सर्व्हिस बॉक्समध्ये टप्पा पडेपर्यंत तो सुमारे १८ मीटर जातो, तेवढ्यात वेग जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. २५३ चे १७५ च्या आसपास उरतात. हवा नसती तर एवढ्या अंतराला ०.२६ सेकंद लागले असते, प्रत्यक्षात अंदाजे ०.३१ लागतात. टप्पा पडताना जमिनीशी घासून आणखी वेग जातो. हिरवळीवर तो कमी जातो, मातीवर जास्त. हिरवळीवर १२० च्या आसपास उरले असं धरलं, तर पुढच्या साडेपाच मीटरना ०.१७ ते ०.१८ सेकंद. एकूण झाले अर्ध्या सेकंदाच्या जरासे आत. परतवणारा बेसलाइनच्या दोन मीटर मागे उभा असेल तर आणखी सहा-सात शतांश सेकंद त्याच्या पदरात पडतात. डोळ्याने पाहून हालचाल सुरू व्हायलाच ०.२ सेकंद जातात, तेव्हा हे शतांशही मोलाचे.

नव्वदच्या दशकात हीच तक्रार होती. १९९४ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात सॅम्प्रस आणि इव्हानिसेविच यांच्या सर्व्हिसपुढे रॅली म्हणून फारशा दिसल्याच नाहीत. मग जलद कोर्टांसाठी व्यासाने सुमारे सहा टक्के मोठा चेंडू नियमांत आला. व्यास सहा टक्के वाढला की हवेला भिडणारं क्षेत्र बारा टक्के वाढतं. तरीही वरच्या हिशेबात टप्प्यापर्यंतचा फरक जेमतेम सात-आठ मिलिसेकंदांचाच पडतो, आणि मोठ्या स्पर्धांत तो चेंडू काही रुजला नाही. २००१ मध्ये विम्बल्डनने मात्र गवतच बदललं. संपूर्ण राय गवताच्या कोर्टावर टप्पा अधिक उंच उठू लागला, आणि चेंडू परतवणं थोडं सोपं झालं.