हॅमिंग कोडची पार्श्वभूमी : रिलेपासून डीडीआर५ पर्यंत

जुलै २०२० मध्ये डीडीआर५ मेमरीचं मानक प्रसिद्ध झालं. मेमरीच्या प्रत्येक चिपच्या आतच चूक दुरुस्त करण्याची सोय त्यात होती. १२८ बिट डेटामागे ८ तपासणी बिट, आणि हे सगळं चिपच्या पोटात, प्रोसेसरला काही न कळवता. दुकानांतून लगेच ‘आता साध्या मेमरीतही ईसीसी’, म्हणजे चूक दुरुस्त करणारा कोड, असं सांगितलं जाऊ लागलं. वर्षानुवर्षं सर्व्हर चालवणाऱ्यांनी मात्र ही आपली ईसीसी नव्हे, असं ठासून सांगितलं. दोघांच्या म्हणण्यातला फरक एका बिटापासून सुरू होतो आणि तो कळायला मूळचा हॅमिंग कोड हातात घ्यावा लागतो.

कोड १९४० च्या दशकाअखेरचा. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या खटक्यांवर, चालणारं गणकयंत्र होतं. आकडे साठवताना चूक झाली तर ते यंत्राला कळायचं. आठवड्यात माणूस हजर असल्यामुळे तो ती निस्तरायचा. शनिवार-रविवारी कोणी नसायचं, तेव्हा चूक दिसली की यंत्र चालू काम सोडून पुढचं काम घ्यायचं. ज्याची कामं अशी अर्धवट पडली त्या हॅमिंग नावाच्या गणितज्ञाने सरळ प्रश्न विचारला : यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? त्याचं उत्तर १९५० मध्ये छापून आलं. पेटंटच्या कामामुळे ते रखडलं होतं. दरम्यान त्यातलं ७ बिटांचं उदाहरण १९४८ मध्येच एका सहकाऱ्याच्या निबंधात येऊन गेलं आणि १९४९ मध्ये दुसऱ्या एकाने पानभराच्या टिपणात तीच कल्पना आणखी पुढे नेली. श्रेय कोणाचं यावर बरीच शाई खर्च झाली आहे. कोडच्या पुढच्या वाटचालीवर तिचा काही परिणाम झाला नाही.

परिणाम झाला तो पॅरिटी बिट कुठे बसवायचे या निर्णयाचा. गटातल्या एकांची संख्या सम राहावी म्हणून जोडलेला तपासणी बिट म्हणजे पॅरिटी बिट. एका पॅरिटी बिटाने ‘कुठेतरी चूक आहे’ एवढंच कळतं. अनेक पॅरिटी बिट घेतले आणि प्रत्येकाला वेगळा गट दिला, तर कोणते गट बिघडले यावरून जागा ओळखता येते. गट कसेही पाडता आले असते. निवडलेली पद्धत अशी : बिटांना १ पासून क्रमांक द्यायचे आणि १, २, ४, ८ या जागा पॅरिटीसाठी ठेवायच्या. ज्या क्रमांकांच्या द्विमान रूपात १ चा बिट चालू आहे, ते सगळे पहिल्या गटात. ज्यांच्यात २ चा बिट चालू आहे ते दुसऱ्या गटात, आणि पुढेही तसंच. दोनाच्या घाताच्या क्रमांकात एकच बिट चालू असतो, म्हणून प्रत्येक पॅरिटी बिट फक्त आपल्याच गटात येतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणावर अवलंबून राहत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ‘M’ या अक्षराचा आस्की संकेत `01001101`. डेटाचे हे आठ बिट ३, ५, ६, ७, ९, १०, ११ आणि १२ या जागांवर क्रमाने बसतात. आता सम पॅरिटी धरून गट मोजायचे. पहिल्या गटातला डेटा ३, ५, ७, ९, ११ या जागांवर. त्यात ५ आणि ९ वर एक आहे, संख्या सम, म्हणून जागा १ वर शून्य. दुसऱ्या गटात ३, ६, ७, १०, ११. फक्त १० वर एक, म्हणून जागा २ वर एक. चारच्या गटात ५, ६, ७, १२. त्यात ५ आणि १२, म्हणून जागा ४ वर शून्य. आठच्या गटात ९, १०, ११, १२. तीन एक, म्हणून जागा ८ वर एक.

```
pos:  1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12
bit:  0  1  0  0  1  0  0  1  1  1  0  1
```

समजा साठवणीत दहावा बिट उलटला आणि तिथे शून्य झालं. वाचताना चारही गट पुन्हा मोजायचे, या वेळी पॅरिटी बिट धरून. आठच्या गटात ८, ९ आणि १२ वर एक आहे, म्हणजे विषम : निकाल १. चारच्या गटात ५ आणि १२, सम : ०. दोनच्या गटात फक्त जागा २, विषम : १. एकच्या गटात ५ आणि ९, सम : ०. हे निकाल आठ, चार, दोन, एक या क्रमाने लिहिले की `1010` मिळतं, म्हणजे दहा. हाच सिंड्रोम. तक्ता पाहायचा नाही, शोधाशोध नाही. दहावा बिट उलटा केला की ‘M’ परत. सिंड्रोम शून्य आला तर शब्द जसाच्या तसा घ्यायचा. तो १, २, ४ किंवा ८ आला तर बिघाड पॅरिटी बिटातच आहे आणि डेटा शाबूत आहे.

आता याच शब्दात ९ आणि १० हे दोन्ही बिट उलटले असं धरू. सिंड्रोम हा चुकलेल्या क्रमांकांचा एक्सऑर असतो, म्हणजे दोन क्रमांकांचे बिट जिथे वेगळे तिथे एक आणि जिथे सारखे तिथे शून्य, आणि `1001` व `1010` यांचा एक्सऑर `0011`, म्हणजे तीन. डिकोडर इमानाने तिसरा बिट उलटतो. आता शब्दात तीन चुका आहेत, सगळे गट जुळतात आणि बाहेर `11000001` येतं. पुन्हा तपासलं तरी सिंड्रोम शून्यच. बिघडलेला शब्द कोडच्या दृष्टीने निर्दोष झाला. ९ आणि १० ऐवजी ५ आणि १० उलटले असते, तर सिंड्रोम पंधरा आला असता. बारा बिटांत पंधरावी जागाच नाही, म्हणून काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळलं असतं. पण हा निव्वळ योगायोग, त्यावर विसंबता येत नाही.

यावरचा उपायही १९५० च्याच लेखात आहे : संपूर्ण शब्दावर आणखी एक पॅरिटी बिट. आपल्या शब्दात सहा एक आहेत, म्हणून हा तेरावा बिट शून्य. एक चूक झाली की एकूण पॅरिटी विषम होते, तेव्हा सिंड्रोमवर विश्वास ठेवून दुरुस्ती करायची. दोन चुका झाल्या की एकूण पॅरिटी सम राहते पण सिंड्रोम शून्य नसतो. अशा वेळी हात लावायचा नाही, नुसती आरोळी ठोकायची. एका बिटाच्या किमतीत यंत्राला ‘मला हे दुरुस्त करता येत नाही’ असं सांगता येऊ लागलं. तीन चुका झाल्या तर हाही फसतो, पण दोनपर्यंत त्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येतो.

पुढची तीसेक वर्षं मोठ्या यंत्रांनी हाच हिशेब पाळला. m डेटा बिट आणि r तपासणी बिट धरले तर `2^r ≥ m + r + 1` या अटीने ६४ डेटा बिटांना ७ तपासणी बिट लागतात. त्यात हा जास्तीचा एक धरला की ८, एकूण ७२. १९६१ मध्ये तयार झालेल्या एका अमेरिकी महासंगणकाच्या मेमरीत ६४ ला ८ हेच प्रमाण होतं आणि सर्व्हरच्या मेमरीत ते अनेक दशकं टिकलं. १९७८ मध्ये चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अशुद्धीतून निघणारे अल्फा कण मेमरीचे बिट उलटवतात हे दाखवलं गेलं, तेव्हा उपाय आधीपासूनच हाताशी होता.

दोनाच्या घातांची मांडणी मात्र तोवर मागे पडली होती. संपूर्ण शब्दाची पॅरिटी काढायला ७२ बिटांची एक्सऑर साखळी लागते आणि ती सगळ्यात सावकाश चालते. १९७० मध्ये वेगळी मांडणी सुचवली गेली : प्रत्येक बिटाला आठ गटांपैकी विषम संख्येचे गट द्यायचे. आठ तपासणी बिटांना एकेक, ५६ डेटा बिटांना तीन-तीन, उरलेल्या आठांना पाच-पाच. एक चूक झाली की सिंड्रोममध्ये विषम संख्येने एक येतात, दोन चुका झाल्या की सम संख्येने. वेगळ्या लांब साखळीची गरज उरली नाही. सिंड्रोम वाचून थेट क्रमांक कळण्याची मूळची सोय गेली, पण हार्डवेअरला तिची फारशी गरज नव्हती. ७२ छोटे डिकोडर ते काम करतात. पाठ्यपुस्तकात मात्र मूळ मांडणीच राहिली, आणि ते योग्यच आहे, कारण हाताने सोडवायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

आता पुन्हा डीडीआर५ कडे. आठ तारांची चिप एका फटक्यात १६ वेळा डेटा देते, म्हणून आत १२८ बिटांचा शब्द सोयीचा पडतो. ७ तपासणी बिटांत जास्तीत जास्त १२० डेटा बिट बसतात, त्यामुळे १२८ ला ८ लागतात. पण हे आठच्या आठ जागा शोधण्यातच खर्च होतात. दोन चुका हमखास ओळखायच्या तर नववा बिट हवा, आणि तो घेतलेला नाही.

निर्णयाच्या बाजूचं म्हणणं पोकळ नाही. एकेक बिट साठवणाऱ्या मेमरीच्या पेशी लहान होत गेल्या तशा काही पेशी जन्मतःच अशक्त निघतात आणि विखुरलेल्या एकेका बिटाची चूक करतात. अशा चुकांना आठ बिट पुरतात, आणि एरवी बाद ठरली असती अशी चिप विकता येते. प्रत्येक चिपमध्ये जागा मोजूनमापून वापरावी लागते आणि नववा बिट त्या मापात बसवणं महाग पडतं. शिवाय कोड पूर्ण भरलेला नाही : २५५ शून्येतर सिंड्रोमपैकी १३६ च वापरात आहेत, त्यामुळे काही दुहेरी चुका रिकाम्या सिंड्रोमवर पडतात आणि चिप त्यांना हात लावत नाही.

पण उरलेल्या दुहेरी चुकांचं वर ‘M’ चं झालं तेच होतं, दोनाच्या तीन. ज्या यंत्रात प्रोसेसरच्या बाजूनेही ईसीसी आहे, तिथे त्या ईसीसीसमोर दोनऐवजी तीन चुकीचे बिट येऊ शकतात. ते तिच्या एकाच शब्दात पडले तर ती स्वतःच फसू शकते. तिसरा बिट कुठे उलटेल हे चिपच्या आतल्या गटांच्या मांडणीवर ठरतं आणि निर्माते ती मांडणी सहसा उघड करत नाहीत. त्याहून मोठी उणीव म्हणजे आतली दुरुस्ती प्रत्येक वाचनाच्या वेळी बाहेर कळवली जात नाही. शिवाय चिप आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारांवर झालेली चूक तिच्या कक्षेतच येत नाही. चिपचं उत्पादन सुधारण्यासाठी केलेली सोय म्हणून ती चोख आहे. डेटाच्या राखणीची जुनी हमी तिच्यात नाही, आणि दोन्ही एकाच नावाने विकणं मला दिशाभूल करणारं वाटतं.

आपल्या यंत्रात काय आहे ते लिनक्सवर पाहता येतं :

```
sudo dmidecode -t memory | grep Width
grep . /sys/devices/system/edac/mc/mc*/*e_count
```

`Total Width` आणि `Data Width` सारखेच असतील तर तपासणीसाठी वेगळ्या तारा नाहीत, म्हणजे जी काही दुरुस्ती होते ती फक्त चिपच्या आत. पहिला आकडा मोठा असेल तर मॉड्यूलवर तपासणी बिट आहेत. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ते वापरत असतील आणि मेमरीतल्या चुकांची नोंद ठेवणारा ईडॅकचा ड्रायव्हर चढलेला असेल, तर दुसऱ्या आज्ञेतून `ce_count` मध्ये दुरुस्त झालेल्या आणि `ue_count` मध्ये दुरुस्त न होऊ शकलेल्या चुका मोजलेल्या दिसतात. `ce_count` रोज वाढत असेल आणि चुका एकाच मॉड्यूलमधून येत असतील, तर `ue_count` शून्यावरून हलायच्या आधी ते मॉड्यूल बदलावं.